कनेक्ट फोर, तिसरा रविवार: सॉर्टिंग उलटं लागलं होतं

गेल्या वेळी रडलो होतो ना की माझ्या कनेक्ट फोर खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अल्फा-बीटा, म्हणजे ज्या चालींनी निकाल बदलणार नाही त्या न तपासताच कट करायची युक्ती, बसवलं तरी तो काही वेगात पळत नाहीये, तर कारण सापडलं, आणि ते इतकं फालतू निघालं की सांगायलाही लाज वाटते.

चाली स्कोअरनुसार लावत होतो, जास्त स्कोअरवाली आधी. पण स्कोअर कायम पिवळ्याच्या नजरेतून, जास्त म्हणजे पिवळ्याला चांगलं. म्हणजे लालची पाळी आली की त्याची सगळ्यात भिकार चाल आधी तपासली जायची. उत्तर बरोबर यायचं, म्हणून संशयच आला नाही, कारण ऑर्डरिंगने उत्तर बदलत नाही, फक्त काम वाढतं.

सकाळी कोथरूडला लाइट गेली, तेव्हा चौकटीच्या वहीत छोटं झाड काढलं. पिवळ्याच्या तीन चाली, प्रत्येकीला लालची तीन उत्तरं: अ ला ४, ७, ९, ब ला २, ६, ८ आणि क ला १, ३, ५. लाल नेहमी कमीत कमी घेणार, म्हणून अ ४ ची, ब २ ची, क १ ची.

अ आधी घेतली आणि लालची उत्तरंही लहानापासून लावली तर अ ची तिन्ही पाहावी लागतात, पण ब मध्ये पहिलाच २ दिसला की संपलं, हातात ४ आहेत, मग ६ आणि ८ कशाला बघा. क चंही तसंच. झाडाच्या टोकाच्या नऊ स्थितींपैकी, म्हणजे पानांपैकी, एकूण ५ पानं. आता माझा बग: अ आधीच, पण लालची उत्तरं उलटी. ब मध्ये ८, ६ आणि शेवटी २, क मध्ये ५ मग ३ ला कट, एकूण ८. आणि क, ब, अ असं गेलं तर लालची उत्तरं कशीही लावा, नऊच्या नऊ! दोन्हीकडचं ऑर्डरिंग नीट हवं, एका बाजूने भागत नाही.

दुरुस्ती एका ओळीची, is_max म्हणजे पिवळ्याची पाळी:

```
moves.sort(key=score, reverse=is_max)
```

मोठ्या झाडात हा फरक भयंकर होतो. दर पाळीला ७ चाली, ८ पाळ्या खोल (कॉलम भरणं, आधीच जिंकणं सोडून द्या) म्हणजे ५७,६४,८०१ पानं, आणि नूथ-मूर यांच्या १९७५ च्या हिशोबाने परफेक्ट ऑर्डरिंगला ७^४ + ७^४ − १, म्हणजे फक्त ४,८०१. एवढं परफेक्ट आपल्याला मिळत नाही, मिळालं असतं तर सर्चच कशाला केला असता.

एक ठेच अजून लागली. शेवटच्या पातळीवरही सॉर्ट करत होतो, पण तिथे स्कोअर काढणं म्हणजेच पान तपासणं, मग कट लागून वाचलं काय? तिथे आता नुसतं मधल्या कॉलमपासून बाहेर: 3, 2, 4, 1, 5, 0, 6.

आता कट लागला की तो कितव्या चालीवर लागला ते पिवळा-लाल वेगवेगळं मोजतोय. हे आधी केलं असतं तर लालचे कट पाचव्या-सहाव्या चालीवर लागतायत हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.