तुम्ही विचारलंत म्हणून

"त्या काकूंना इतकं गोड उत्तर दिलंस, तुला राग येत नाही का गं?"

येतो. मे महिन्यातल्या मुंबईत, रात्रभर जागलेल्या बाईला न येऊन कसं चालेल?

बाळाच्या फोटोखाली चाळीतल्या काकूंनी लिहिलं होतं, "अगं, एवढ्या उकाड्यात पाणी नाही पाजत? ओठ बघ कसे सुकलेत. चमचाभर उकळलेलं पाणी दे, मधाचं बोट चाटव." त्यावर आणखी दोन मावश्यांचे होकार.

मी आधी तावातावाने लिहिलं, की आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असतं, वरच्या पाण्याने तान्ह्याचं पोट भरतं आणि दूध कमी जातं, जागतिक आरोग्य संघटनाही पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध सांगते. सगळं खरं. पण काकूंनी त्यातून एवढंच वाचलं असतं, की तुम्हाला काही कळत नाही. मग "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" आणि मग रात्र त्यातच.

ते पुसून हे पाठवलं: "काकू, उकाड्यात बाळाची आठवण तुम्हालाच येणार! डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, 6 महिने पाणीसुद्धा नको, उकाडा असेल तर जास्त वेळा पाज. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, म्हणजे पुरतंय. मध मात्र वर्षाचा होईपर्यंत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना गंभीर आजार होऊ शकतो. रविवारी या, न्हाऊ घालायला तुमचा हात हवाय."

डॉक्टरांचं नाव पुढे केलं, कारण सुनेच्या वयाच्या मुलीपुढे माघार घेणं काकूंना जड, डॉक्टरांपुढे नाही. शेवटी "तुम्हाला काय वाटतं?" मुद्दाम नाही विचारलं, विचारलं की पुन्हा सगळं सुरू. मधाचं वाक्य मात्र मऊ केलं नाही. तिथे दुसऱ्याही बाळंतिणी वाचत होत्या, आणि होकार देणाऱ्या मावश्यांच्या घरीही नातवंडं आहेत. काकू नुसतं "दृष्ट काढ" म्हणाल्या असत्या तर "हो काकू" एवढ्यावर मी थांबले असते.

मैत्रीण म्हणते, हे डॉक्टरांच्या पदराआड लपणं झालं. लग्नाआधीची मीही हेच म्हणाले असते: माझं बाळ, माझा निर्णय, जाब कसला? तिला खोडून काढायला माझ्याकडे आजही काही नाही. शिवाय त्याच फोटोत बाळाचा बाप होता, त्याला कुणी ओठांबद्दल विचारलं नाही.

काकू रविवारी आल्या. पायांवर घेऊन असं न्हाऊ घातलं, की पोरगा तीन तास झोपला. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "पाणी खरंच नाही देत?"

मी तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला आवाज जरा चढला होता.