साइट कुणाला दिसते, कुणाला नाही

दिवाळीच्या तोंडावर एका फराळवाल्या काकांचा फोन आला. "अहो, साइट गेली! दुकानात उघडत नाही, व्याही म्हणतात दिसते, आणि अमेरिकेतल्या मुलीला मागच्या वर्षीचेच भाव दिसतायत." भाच्याने आदल्या रात्री डोमेन नव्या होस्टिंगवर हलवलं होतं. आता काका त्याला फैलावर घेत होते आणि तो बिचारा एकच वाक्य धरून बसला होता: "पण मी टीटीएल दोन दिवस आधीच ३०० केला होता!" टीटीएल म्हणजे साइटच्या नावाचा विचारून आणलेला पत्ता किती सेकंद साठवून ठेवायचा, तो आकडा.

मी दुकानात पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. क्रोमवर `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN`. याचा अर्थ सर्व्हर बंद आहे असा नाही, या नावाचं काही अस्तित्वातच नाही असा आहे. म्हणून आधी डोमेनच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या नव्या नेमसर्व्हरला थेट विचारलं. तिथून `www` चा पत्ता बरोबर आला. मग तोच प्रश्न दुकानाच्या ब्रॉडबँडच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वतीने पत्ते विचारून साठवून ठेवणाऱ्या सर्व्हरला, टाकला (डोमेनचं नाव बदलून, कामापुरत्या ओळी देतोय):

```
$ dig www.example.com
status: NXDOMAIN
example.com. 41350 IN SOA ns1.example.net. ...
```

पुन्हा चालवलं तर तो ४१३५० चा आकडा काही सेकंदांनी कमी झालेला. म्हणजे रिझॉल्व्हर नव्याने विचारतच नव्हता, साठवलेलं "नाही" परत परत देत होता.

डोमेनच्या नेमसर्व्हरवरच्या सगळ्या नोंदी मिळून झोन होतो. नव्या झोनच्या एसओए रेकॉर्डमधला शेवटचा आकडा होता ८६४००, म्हणजे पूर्ण एक दिवस. "असं नाव नाही" हे उत्तर रिझॉल्व्हरने किती वेळ धरून ठेवायचं, ते या आकड्यावर ठरतं. त्यातून ४१३५० वजा केले तर साधारण साडेबारा तास उरतात. मी काकांना विचारलं, "काल रात्री दहाच्या सुमारास साइट कुणी उघडून पाहिली होती का?"

"मीच की! भाचा म्हणाला झालं काम, म्हणून लगेच बघितली."

भाच्याकडून बाकीचं कळलं. नव्या पॅनेलने झोन आपोआप तयार केला होता, पण त्यात फक्त बिनाwww चं नाव होतं. हे त्याच्या अकराच्या सुमारास लक्षात आलं आणि त्याने `www` घातलं. मधल्या वेळात ज्या रिझॉल्व्हरने `www` विचारलं, त्याने "नाही" साठवून ठेवलं. बरेच रिझॉल्व्हर असं उत्तर एक ते तीन तासांतच टाकून देतात. हा पूर्ण दिवस धरून बसणारा निघाला. व्याह्यांच्या मोबाइल नेटवर्कने तो प्रश्न सकाळी पहिल्यांदा विचारला असणार, म्हणून त्यांना नवी साइट दिसत होती.

भाच्याचा टीटीएलही खोटा नव्हता, पण तो जुन्या झोनमधल्या, असलेल्या रेकॉर्डचा होता. नव्या झोनमध्ये नसलेल्या नावाला तो कसा लागू होणार? आणि अमेरिकेतल्या मुलीची गोष्ट तर तिसरीच. `.com` साठी कोणते नेमसर्व्हर विचारायचे, ही माहिती वरच्या पातळीवरून ४८ तासांच्या मुदतीने मिळते आणि ती मुदत आपल्या हातात नसते. तिचा रिझॉल्व्हर अजून जुन्याच नेमसर्व्हरकडे जात होता. जुनं होस्टिंग चालूच असल्याने तिला जुनी साइट दिसत होती, आणि मला खरी धास्ती तिचीच वाटली. साइट उघडत नसेल तर माणूस निदान फोन तरी करतो. जुन्या साइटवर त्याची ऑर्डर मुकाट्याने जुन्या डेटाबेसमध्ये जाऊन पडते.

म्हणून आधी तेच काम घेतलं. जुन्या पॅनेलमध्ये शिरून तिथल्या झोनमधला आयपी नव्या सर्व्हरचा केला. भाच्याचे ३०० सेकंद इथे मात्र उपयोगी पडले: थोड्याच वेळात मुलीने नवे भाव दिसतात म्हणून कळवलं. जुन्या डेटाबेसमध्ये रात्रीतून आलेल्या ऑर्डरी सापडल्या, त्या काकांना वहीत उतरवून दिल्या.

मग दुकान. राउटरमध्ये डीएनएस `1.1.1.1` केला, विंडोजवर `ipconfig /flushdns` चालवलं, साइट उघडली. काका खूश! पण ते फक्त त्यांच्यापुरतं. त्याच ब्रॉडबँडवरच्या गिऱ्हाइकांच्या घरी तोच रिझॉल्व्हर, तेच "नाही". गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून एखादं नाव पुसायला वेबपान आहे. या ब्रॉडबँड कंपनीच्या ग्राहकसेवेने मात्र मला मॉडेम बंद करून चालू करायला सांगितलं.

सुदैवाने बिनाwww चं नाव पहिल्यापासून झोनमध्ये होतं, त्यामुळे त्याचं "नाही" कुठेच साठलं नव्हतं. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच दुवा सगळ्यांना पाठवला आणि दुपारपासून चकलीच्या ऑर्डरी येऊ लागल्या.

जाण्याआधी नव्या एसओएमधले ८६४०० बदलून ३०० केले. चालू अडचणीला त्याचा काही उपयोग नव्हता, कारण साठलेलं उत्तर जुन्याच मुदतीने संपणार होतं. जुनं होस्टिंग लगेच बंद करून पैसे वाचवायचा काकांचा विचार होता. मी त्यांना आठवडाभर थांबायला लावलं. रात्री सव्वादहाला भाच्याचा मेसेज आला: शेजारच्यांच्या वायफायवर `www` उघडलं.