हातखर्चाच्या व्हाउचरात सापडलेला मोबाइल

मी एका हॉटेल समूहात अंतर्गत लेखापरीक्षक आहे. एरवी बारचा साठा आणि काजूच्या पाकिटांचा हिशेब बघतो. यंदा कळंगुटच्या आमच्या हॉटेलात पाहुण्यांची वैयक्तिक माहिती तपासायची होती.

कुठली माहिती कुठे ठेवली आहे याची यादी देखणी होती. ओळखपत्राची प्रत दोनच ठिकाणी असते: बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि परदेशी पाहुण्यांसाठी २४ तासांत भराव्या लागणाऱ्या सी-फॉर्ममध्ये. १८० दिवसांनी प्रत पुसायची, आणि ती खरंच पुसली जात होती. मी सॉफ्टवेअरमधून तीस जुने पाहुणे काढून पाहिले, एकाचीही प्रत उरलेली नव्हती. संमतीचं खातं मात्र हास्यास्पद होतं. जाहिरातीचे मेल पाठवायला पाहुण्यांनी दिलेला होकार एकाच दिवशी, एकाच मिनिटाला नोंदलेला. जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात आणताना कुणीतरी सगळ्यांच्या रकान्यात ‘हो’ ओतला होता. तो मुद्दा दोन ओळींत संपला.

अशा याद्या विभागप्रमुखांना विचारून करतात आणि ते जसं व्हायला हवं तसं सांगतात, म्हणून माझा यादीवर विश्वास नसतो. मी एका पासपोर्टच्या मागोमाग चालतो. रात्री दहाला काउंटरवर उभा राहिलो. दाबोळीहून आलेलं एक जोडपं, पासपोर्ट काउंटरवर आणि रिसेप्शनिस्ट मुलीच्या हातात मोबाइल. खच्चकन फोटो, थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

“स्कॅनर बिघडलाय सर, जूनपासून. आणि सी-फॉर्मचा पासवर्ड सकाळच्या मॅडमकडेच असतो. त्या आल्या की ग्रुपवरून भरतात.”

सवय लागली की मर्यादा राहत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी निघालेल्या ग्रुपवर आता सगळ्यांचीच ओळखपत्रं येत होती. मी ग्रुप मागे सरकवत गेलो आणि ऑगस्टमध्ये थांबलो. माझं आधार कार्ड! साठा तपासायला आलो तेव्हा एक रात्र राहिलो होतो. शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत द्या, असं मी जगाला सांगतो. स्वतः मात्र आख्खं कार्ड काढून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी माहिती फुटल्याच्या घटनांची वही मागितली. कोरी. मग सवयीने हातखर्चाची व्हाउचरं चाळली. सप्टेंबरात एक नवा मोबाइल, कारण ‘रात्रपाळीचा फोन हरवला’.

मॅनेजर म्हणाले, “पात्रांव, फोन हरवला. डेटा थोडाच हरवला? सिम लगेच बंद केलं.”

नव्या फोनवर तोच नंबर चालू केला की जुन्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं, हे खरं. पण डाउनलोड होऊन गॅलरीत गेलेले फोटो तिथेच राहतात. फोन लॉक असेल तर धोका कमी, म्हणून त्या मुलीला विचारलं. फोन चुकून तिच्याबरोबर घरी निघाला आणि म्हापशाच्या बसमध्ये राहिला होता.

“पॅटर्न होता सर. इंग्रजी एल. फोन सगळ्यांच्या हातात फिरायचा ना.”

तिने त्याच संध्याकाळी मॅनेजरना सांगितलं होतं. कुठे लिहायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात चुकून उघड होणं हीसुद्धा माहितीफूटच; बाधितांना आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवायचं, नियमांप्रमाणे मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. हे नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, पण ही कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. मॅनेजरनी तेवढंच पकडलं. सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचा आदेश मात्र २०२२चा आहे, आणि आमच्याच धोरणात ‘त्याच दिवशी मुख्यालयाला’ असं लिहिलेलं आहे. फोन कुणी उघडला याचा पुरावा नाही, हे मीही अहवालात लिहिलं. उघडला नाही याचाही नाही.

फोन हरवला त्या दिवसापर्यंतचे ६१२ फोटो हाताने मोजले. दुबार वगळून ३८० माणसं. त्यातला एक मी.

अहवालात पहिला मुद्दा स्कॅनरचा घातला: दुरुस्तीची मागणी तीनदा परत, शेरा ‘पुढील तिमाहीत’. दुसरा, सी-फॉर्मचा पासवर्ड एकाच हातात. फोनचा मुद्दा तिसरा, त्यात ‘रात्रपाळीचा कर्मचारी’ एवढंच. पण रात्रपाळीला मुलगी एकच होती. तिला आता लाँड्रीच्या हिशेबावर बसवलंय. मॅनेजर म्हणतात, तिनेच मागितलं. मी तिला विचारलेलं नाही.

पाहुण्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा माझाच. काय हरवलं, कधी, काय करावं, कुणाला फोन करावा. मुख्यालयाने सुरुवातीला घातलेलं ‘आपल्या गोपनीयतेला आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो’ हे वाक्य मी दोनदा खोडलं. मागच्या सोमवारी ते पत्र मलाही आलं, पाहुणा म्हणून. पहिलंच वाक्य तेच होतं.