तण तोडा

वरुड तालुक्यातील संत्रा उत्पादकांना आंबिया बहाराचा ताण नव्याने समजावावा लागत नाही. डिसेंबरात बागेचे पाणी बंद करायचे, पाने मलूल होऊन पिवळी पडू लागली आणि थोडी गळली की जानेवारीत पाणी देऊन ताण तोडायचा, म्हणजे झाड फुलावर येते. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो आणि तोडावाही लवकर लागतो. भारी काळ्या जमिनीत मात्र दोन महिनेही कमी पडतात.

१२ जानेवारीला मी शेतकऱ्यांच्या गटावर संदेश टाकला, ‘हलक्या जमिनीतील बागांचा ताण तोडा, आळ्यांत खत टाकून ठेवा.’ निदान तसे लिहिले, अशी माझी समजूत होती. त्यावर बरेच अंगठे आले. वरिष्ठांना प्रत्यक्ष बागभेटीपेक्षा अशा संदेशाचा स्क्रीनशॉट अधिक प्रिय असल्याने तोही लगेच पाठवला.

२३ तारखेला एका मुरमाड बागेत गेलो, तर पाणी बंद ठेवून पन्नास दिवस उलटले होते, निम्म्याहून अधिक पाने खाली पडली होती आणि बारीक फांद्या शेंड्याकडून वाळत होत्या. आळी मात्र आरशासारखी स्वच्छ होती. पाणी का सोडले नाही, असे विचारल्यावर काकांनी मोबाईलच पुढे केला. “साहेब, तुमीच त लेहलं, तन तोडा म्हून. मंग मजूर लावले.”

संदेशात खरोखरच ‘तण तोडा’ होते.

रात्री मी तोच शब्द पुन्हा टाइप केला. मी मराठी रोमन अक्षरांतून लिहितो आणि घाईत `taan` ऐवजी `tan` लिहितो. त्यातून तन, तण आणि ताण असे तिन्ही शब्द निघतात, आणि खरीपभर तणनाशकांविषयी लिहीत आल्यामुळे माझ्या फोनने ‘तण’ पहिल्या क्रमांकावर आणून ठेवला होता. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ तरी उमटते. इथे शब्द निर्दोष होता. आमच्याकडे बोलताना ण चा न होतो, तरी ‘तान’ आणि ‘तन’ कानाला वेगळे लागतात; फोनवरील एका `a` मध्ये तो फरक उरत नाही. खटकायला हवे होते ते क्रियापद, कारण तण कोणी तोडत नाही, निंदतात किंवा काढतात. पण पुढेच खताचा उल्लेख होता, आणि खतापूर्वी आळी साफ करणे ही रीतच असल्याने सगळे जुळून गेले.

त्याच दिवशी काकांनी हलके पाणी दिले आणि चार दिवसांनी भरपूर. फूल शेजारच्या बागेपेक्षा उशिरा आणि विरळ आले. त्यात लांबलेल्या ताणाचा वाटा किती आणि थंडीचा किती, हे मला ठरवता आलेले नाही. आता मी ‘ताण तोडा’ लिहीत नाही, ‘बागेला पाणी सुरू करा’ असे लिहितो. गटावर दुरुस्तीही टाकली, परंतु मूळ संदेश तोवर शेजारच्या दोन गावांच्या गटांवर पुढे गेला होता आणि त्या गटांत मी नाही.