'दोषी व्यक्तीचे नाव' या रकान्यात अडकलेला अहवाल

आमच्या ठेकेदार कंपनीच्या मुख्य कार्यालयाने दिलेल्या एक्सेल शीटमध्ये 'दोषी व्यक्तीचे नाव' असा एक लाल रकाना आहे. तो भरल्याशिवाय शीट पुढे जात नाही. चर ढासळून थोडक्यात वाचलेल्या प्रकाराचा मी साइट इंजिनिअर म्हणून दिलेला अहवाल याच रकान्यावरून तीन आठवडे लोंबकळला. त्यातला निम्मा दोष माझा होता, म्हणून राग अजून गेलेला नाही.

काम सोलापूरच्या हद्दवाढ भागात, ड्रेनेज लाइनचं. बोळ जेमतेम सहा मीटरचा. चर 2.6 मीटर खोल आणि 1.2 मीटर रुंद. वरचा दीडेक मीटर काळी माती, खाली मुरूम. मंगळवारी सकाळी 11 वाजता चहा आला म्हणून दोघं जण शिडीने वर आले. 11:10 ला ते बसले होते त्याच्या समोरची बाजू खाली आली. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. कोणालाही खरचटलं नाही.

पडलेला तुकडा आम्ही नंतर टेपने मोजला. लांबी 4 मीटर, उंची 1.5, जाडी 0.6. म्हणजे 3.6 घनमीटर. ओली माती घनमीटरला 1.8 टन धरली तरी सहा टनांच्या वर जाते. चहा येईपर्यंत दोघं जण खाली वाकून पाइपाखालची गादी सारखी करत होते, बरोबर तिथेच.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर अशी वेळ आली तर एक आत्ताच सांगतो, नाहीतर राहून जाईल. पडल्यानंतर कोणालाही खाली उतरू देऊ नका. आमच्यातला एक जण घमेलं आणि चपला काढायला निघाला होता. त्याला मुकादमाने दंड धरून मागे ओढला. पाऊण तासाने त्याच बाजूची आणखी एक खाप सुटली. आणि चर बुजवायच्या आधी फोटो आणि मापं घ्या. बोळातल्या काकू दारासमोरचा खड्डा लवकर बुजवा म्हणून ओरडत होत्या, मीही जेसीबीला हात करणार होतो. बुजवला असता तर पुढचं काहीच सिद्ध झालं नसतं.

त्याच रात्री अहवाल लिहिला. घटना, वेळ, ठिकाण, फोटो, सगळं दोन तासांत झालं. 'कारण' मध्ये लिहिलं, 'पाणी लागून काळी माती सुटली व मुकादमाने मंजुरीपेक्षा जास्त लांबी उघडली.' लाल रकान्यात मुकादमाचं नाव टाकलं. शीट हिरवी झाली. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी अहवाल परत आला, पण मुख्य कार्यालयाकडून नाही. कामावर देखरेख ठेवणाऱ्या सल्लागार कंपनीच्या सेफ्टीच्या मॅडमनी प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता, 'कशावरून?'

मी वैतागलो. जे समोर पडलं ते पडलं, त्यात कशावरून काय? त्यांनी साइटवर बोलावलं आणि मला तुटलेल्या बाजूसमोर उभं केलं. म्हणाल्या, "आधी हे बघा, मग लिहा." पडलेल्या भागामागे जी माती दिसत होती ती अखंड काळी नव्हतीच. तिच्यात विटांचे तुकडे होते, निळ्या प्लास्टिकची चिंधी होती, आणि जमिनीखाली हातभर एक गुटख्याची पुडी. हात-दीड हात खाली पुडी सापडली म्हणजे ती माती कधीतरी उकरून परत भरलेली आहे. तिच्यातूनच पिण्याच्या पाण्याची जुनी लाइन आमच्या चराला समांतर जात होती, काठापासून साधारण दोन फुटांवर. आम्ही खोदत होतो ती बाजू म्हणजे जुन्या चराच्या भरावाला टेकलेली पातळ भिंत होती.

आता पाणी. मी लिहिलं होतं, 'जेसीबीच्या धक्क्याने जॉइंट सुटून गळती झाली.' मॅडमनी जॉइंट उघडा करायला लावला. त्याच्याभोवती लिंबाची मुळं केसांसारखी गुंडाळली होती आणि माती काळी-हिरवी, बुळबुळीत झाली होती. सकाळी सुटलेल्या जॉइंटला मुळं फुटत नाहीत. गळती जुनी होती. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्या मंगळवारी त्या भागाचा पाण्याचा दिवस होता. चावीवाल्याने साडेदहाला पाणी सोडलं होतं. आम्ही चर तपासला होता सकाळी 8:20 ला, तेव्हा सगळं कोरडं. तक्त्यावर 'पाण्याचा पाझर नाही' अशी टिक होती आणि ती त्या वेळी खरीही होती. दोन तासांनी खोटी ठरली. पाणी आल्यावर पुन्हा बघायचं, असं त्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

इथवर मला मजा यायला लागली होती. मग त्यांनी मुकादमाच्या नावावर बोट ठेवलं. "शोरिंगच्या फळ्या आणि जॅक किती मीटरचे दिले होते?" स्टोअरचं चलन काढलं. चराच्या बाजूंना टेकू द्यायचं ते साहित्य सहा मीटरचं होतं. "उघडा किती होता?" अकरा मीटर. "मग जास्तीचा पाच मीटर त्याने का उघडला?" मी म्हटलं, घाई. त्यांनी मुकादमाला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायबांचा फोन आलता ना सकाळी. जेसीबी संध्याकाळी दुसऱ्या साइटला चालला, तवर जमेल तेवढं ओढून घ्या म्हणले."

मी म्हटलं होतं. 8:50 चा कॉल फोनमध्येच होता, एक मिनिट बारा सेकंद.

त्या रात्री तो मंगळवार पुन्हा मांडला, आणि ज्याला पुरावा नाही ते वाक्य पुसत गेलो. 'मजूर बेफिकीर होते' गेलं. 'अचानक' गेलं, कारण अचानक काहीच झालं नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी कामाची प्रगती दाखवायला काढलेल्या फोटोत काठापासून दोन फुटांवर, काठाला समांतर एक बारीक भेग दिसत होती, मातीच्या ढिगाखाली जाऊन लपलेली. काठाला आडव्या भेगा काळ्या मातीत उन्हाने पडतात, त्यांचं एवढं नाही. काठाला समांतर भेग आली की तो तुकडा सुटायला निघालेला असतो. आम्ही फोटो पाठवला, बघितला नाही.

तो ढीगही काठापासून अर्ध्या मीटरवर, कमरेच्या वर उंच. आमच्या टेंडरच्या सेफ्टी कोडमध्ये स्पष्ट आहे: माती काठापासून 1.5 मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब. दीड मीटर खोलीपासून पुढे बाजूंना उतार द्या किंवा टेकू द्या, हेही तिथेच. सहा मीटरच्या बोळात दुचाकीला वाट ठेवून दीड मीटर सोडायला जागाच नव्हती. हे काम सुरू व्हायच्या आधीही माहीत होतं.

म्हणजे 'कारण' असं झालं: समांतर जुन्या भरावाची चाचणी खड्ड्याने खात्री केली नाही, त्या भरावावरच उकरलेल्या मातीचा भार होता, पाणी सुटल्यानंतर तपासणी झाली नाही, आणि सहा मीटरचं साहित्य असताना साइट इंजिनिअरच्या तोंडी सूचनेवरून अकरा मीटर उघडला गेला, कारण जेसीबी दोन साइटमध्ये विभागलेला होता. शेवटच्या अर्ध्या वाक्यावर मी बराच वेळ बसलो. ते नसतं तर माझं नाव येऊन विषय संपला असता, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी इंजिनिअर तोच फोन करणार होता.

मुख्य कार्यालयाला हे पटेना. फोन आला, "एवढं कशाला? कोणाला लागलं का? मुकादमाला समज दिली असं लिहा आणि मोकळे व्हा." लाल रकाना रिकामा ठेवला तर शीट जाईना. माझं नाव टाकलं तर म्हणाले इंजिनिअरचं नाव ग्राहकाकडे नको. 'जेसीबीचं नियोजन' लिहिलं तर म्हणाले हे व्यक्तीचं नाव नाही. आठ दिवस यातच गेले, आणि तेवढ्यात बोळातला चर पत्रे लावून तसाच पडून होता, काकूंचे रोजचे बोल माझ्या वाट्याला.

उपाययोजनांची गत तीच. साच्यात आधीच छापलेलं होतं, 'कामगारांना जागरूक केले. यापुढे काळजी घेतली जाईल.' मॅडमनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी हे कसं चालेल?" मग चार गोष्टी उरल्या. खोदायच्या आधी सहा मीटरवर फक्कीची रेघ, जेसीबीवाला तिच्या पुढे बकेट टाकणार नाही, आणि टेकू काढून पुढे सरकवल्याशिवाय नवी रेघ नाही. माती ट्रॅक्टरने लगेच मोकळ्या प्लॉटवर. प्रत्येक बोळात आधी दोन आडवे चाचणी खड्डे, जुनी लाइन कुठे आहे ते बघायला. पाण्याच्या दिवशी त्या बोळात चरात कोणी उतरणार नाही, चावीवाल्याचा फोन नंबर फलकावर. प्रत्येकापुढे माणूस, तारीख आणि कसं तपासणार ते.

चाचणी खड्ड्याला मी नाक मुरडलं होतं, अर्धा दिवस वाया जातो म्हणून. तिसऱ्याच बोळात लाइन आमच्या आखणीच्या बरोबर खाली निघाली. आखणी सरकवली.

मॅडम पुढच्या पाण्याच्या दिवशी न सांगता आल्या. चर रिकामा, फलकावर नंबर, रेघ सहा मीटरला. टेपने मोजलं, 5.9 भरलं. त्यांनी तेच लिहिलं आणि अहवाल बंद केला. मुकादम म्हणाला, "दहा सेंटिमीटर वाचवलं बघा सायेब." मी त्याची माफी मागितली होती की नाही, ते तो कोणाला सांगत नाही, मीही सांगत नाही.

लाल रकाना अजून आहे. तिथे नुसतं टिंब टाकलं तरी शीट हिरवी होते, हे मला एकोणिसाव्या दिवशी दुसऱ्या साइटच्या स्टोअरकीपरने सांगितलं.