एका छत्रीतलं अंतर

१८ जुलै, रात्र

दिवसभर पाऊस. संध्याकाळी आत्याबरोबर 'श्री ४२०' पुन्हा पाहिला. छत्रीचं गाणं सुरू झालं तशी ती विणकाम बाजूला ठेवून बसली. संपल्यावर म्हणाली, "आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं गं. फुलं हलली की कळायचं." तेव्हापासून चुंबनाच्या जागी दाखवली जाणारी ती फुलंच डोक्यात फिरतायत.

आपण सरसकट म्हणतो, की पूर्वी सेन्सॉरची चुंबनाला बंदी होती. पण १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात 'चुंबन' हा शब्दच नाही. तिथे आहे ते सभ्यता आणि नीतिमत्ता यांना बाधा नको, एवढंच. आणि त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, इंग्रजांच्या राज्यात, १९३३च्या 'कर्मा'मध्ये देविका राणी बेशुद्ध पडलेल्या हिमांशु रायचं चुंबन घेते. चार मिनिटांचं चुंबन ही दंतकथा, प्रत्यक्षात ते त्याहून बरंच लहान आहे. पण ते आहे, आणि पडद्यावर आहे.

मग ते गेलं कुठे? मला वाटतं, कात्रीपेक्षा कात्रीच्या धाकानं जास्त काम केलं. 'ए' प्रमाणपत्र मिळालं की आजीपासून नातवापर्यंत सगळं घर मिळून सिनेमाला येणार नाही, हा निर्मात्याचा हिशोब. चित्रित केलेला प्रसंग नंतर कापायचा म्हणजे सेट, फिल्म, दिवस सगळं वाया. त्यापेक्षा तो लिहायचाच नाही. शिवाय चांगल्या घरची मुलगी नटी होते हेच जिथे खपत नव्हतं, तिथे तिनं हे का करावं? 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. ते १९१३ साल होतं, पण ती भीती पुढे कितीतरी वर्षं टिकली.

मी उमेदीची वर्षं संकलकाच्या हाताखाली काढली, म्हणून फुलांच्या शॉटकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहते. दोन चेहरे जवळ येतात, ओठ भेटायच्या अगदी आधी कट, आणि फांदीवरची दोन फुलं एकमेकांना टेकतात. फांदी चौकटीबाहेरून कोणीतरी हलवत असतो. खरी जोखीम असते लांबीची. शॉट फार आखूड ठेवला तर मधेच बाग कुठून आली असं वाटतं. फार लांबला तर प्रेक्षक चुंबनाच्या पुष्कळ पुढे जातो. सरळ कट मारला तर 'आत्ता, याच क्षणी' असा अर्थ लागतो. एक दृश्य दुसऱ्यात विरघळवलं तर मधे वेळ गेला, रात्र सरली असा. म्हणजे त्याच दोन फुलांनी चुंबनही सांगता येतं आणि मधुचंद्रही, फरक फक्त जोडणीचा. आणि दोन्हीकडे संगीत तुटू द्यायचं नाही, कारण फुलांना त्या दोघांशी बांधून ठेवणारं तेवढंच असतं.

पण या फुलांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. फुलं आली की बाईचा चेहरा जातो. तिला ते हवं होतं का, ती घाबरली का, हसली का, काहीच कळत नाही. डोलणाऱ्या झाडाला नकार देता येत नाही.

छत्रीच्या गाण्यात हे होत नाही, म्हणून ते मला इतकं जवळचं. राधू कर्माकर यांचा कॅमेरा पुन्हा पुन्हा चेहऱ्यांकडेच येतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर समोरून प्रकाश टाकला तर पाऊस दिसतच नाही, म्हणून दिवे मागून लावतात, मग प्रत्येक धार उजळते आणि त्या उजेडात माणसांच्या कडाही. छत्री एकच. ती त्याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे सरकते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी भिजायला तयार होतं. नर्गिसच्या चेहऱ्यावर संकोच आहे, ओढ आहे, उद्याची काळजीसुद्धा आहे. इथे पाऊस काही लपवत नाही. बाहेर तो इतका आहे, की छत्रीतलं वीतभर अंतर आपोआप महत्त्वाचं होतं.

१९६९मध्ये न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीनं अहवाल दिला, की कथेची गरज असेल तर चुंबन दाखवायला हरकत नसावी. तरीही फुलं पुढे कितीतरी वर्षं हलत राहिली. सवय कायद्यापेक्षा चिवट होती.

झोपायला जाण्याआधी आत्याला विचारलं, तेव्हा थिएटरात फुलं हलायची तेव्हा तुम्ही काय करायचात?

"काकांकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "पण त्यांचा हात खुर्चीच्या कोणत्या दांडीवर आहे, ते माहीत असायचं."