बोर्डावर 1,142 आणि बोर्डावर 47

2022 च्या जूनमध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात आला आणि महिनाभरात नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या दोन कारखान्यांची ऑफर मिळाली. पहिला देत होता 18,000, दुसरा 15,500. घरी चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच. पण आमच्या गल्लीतला एक दादा पंधरा वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. तो म्हणाला, "सही करायच्या आधी शिफ्ट सुटताना गेटवर उभा राय."

उभा राहिलो. पहिल्या कारखान्याच्या गेटवर मोठा बोर्ड होता : अपघातमुक्त दिवस 1,142. समोरच्या टपरीवर तर्री पोहे घेतले. बाजूला एक पोरगा बसला होता, उजव्या हाताला जाड बँडेज. कंत्राटदाराचा हेल्पर, पाच दिवसांपूर्वी प्रेसमध्ये बोट चेंगरलेलं. मी विचारलं, मग कामावर कसा? "काम नाही करत भाऊ. आत स्टोअरमध्ये बसवते. हजेरी लागली पायजे म्हणे."

याचा अर्थ दादाने संध्याकाळी समजावला. अपघातामुळे माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे निरीक्षकाला कळवावं लागायचं. जखमीला खुर्चीवर बसवून हजेरी लावली की कागदावर तो कामावरच असतो. शिवाय अनेक ठिकाणी कंत्राटी माणूस बोर्डाच्या हिशोबात धरतच नाहीत. म्हणजे 1,142 हा आकडा नेमका कोणाचा, हेच आधी विचारायला हवं होतं.

टपरीवाल्याने शिफ्टचंही सांगून टाकलं : "बारा घंटे. रिलीव्हर नाही आला तं सोळा-अठरा." ऑफर लेटरमध्ये फक्त 'कंपनीच्या नियमानुसार' एवढंच होतं. मी एचआरला फोन केला. मॅडम गोड बोलल्या, पण उत्तर तेच : बारा तास, आठवड्याला एक सुट्टी, आणि ट्रेनी इंजिनियर स्टाफमध्ये येतो म्हणून ओव्हरटाइम नाही. त्याच कायद्यात कामगारासाठी आठवड्याला 48 तास आणि ओव्हरटाइम धरूनही 60 अशी मर्यादा होती. इथे सहा दिवसांचे 72 होत होते. हुद्द्याचं नाव बदललं की ही मर्यादाच मागे पडते, मशीनवर मात्र तोच माणूस उभा असतो.

रात्री वहीत हिशोब मांडला. बारा तास, 26 दिवस म्हणजे 312 तास. 18,000 भागिले 312, तासाला साधारण 58 रुपये. दुसऱ्याकडे आठ तास, म्हणजे 208, आणि तासाला साडेचौऱ्याहत्तर. बाबा बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

दुसऱ्या कारखान्यात प्लांट बघायला मिळेल का, असं विचारलं तर हो म्हणाले. (पहिल्याने "जॉइन झाल्यावर बघाच" म्हटलं होतं.) तिथे बोर्डावर फक्त 47. सेफ्टी ऑफिसरना सरळ कारण विचारलं. लपवलं नाही. कन्व्हेयरच्या रोलरमध्ये कंत्राटी कामगाराचा हात गेला होता. रोलर साफ करताना मेन स्विच बंद होता, पण कुलूप नव्हतं, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने चालू केला. आता त्या पॅनलवर लाल कुलूप आणि टॅग, टॅगवर काम करणाऱ्याचा फोटो. किल्ली त्याच्याच खिशात.

नियर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टरही दाखवलं. त्या महिन्यात तिशीच्या वर नोंदी होत्या : तेल सांडलेलं, हूकची लॅच तुटलेली. पहिल्या कारखान्याची एचआर म्हणाली होती, "आमच्याकडे नियर मिस शून्य." ते मला तेव्हा चांगलं वाटलं होतं!

फिरताना मी मशीनच्या गार्डकडे बघत होतो, दादाने सांगितल्याप्रमाणे. गार्ड उघडला की मशीन थांबवणारा लिमिट स्विच कुठे तारेने बांधलाय का? एका मशीनवर टेप लावलेला दिसलाच. मी दाखवला तेव्हा ऑफिसर चिडले, पण माझ्यावर नाही. तिथेच सुपरवायझरला बोलावून मशीन बंद करायला लावलं. मला वाटतं, माझा निर्णय तिथेच झाला.

ट्रेनिंगबद्दल दोघांनीही 'इंडक्शन आहे' सांगितलं होतं. पहिल्याच्या जॉइनिंग किटमध्ये 'प्रशिक्षण घेतले' असा फॉर्म तारखेविना, सहीसाठी तयार होता. दुसऱ्याकडे तीन दिवस वर्ग, मग परीक्षा, मग सहा आठवडे मशीनवर एकटं सोडत नाहीत आणि पहिला महिना रात्रपाळी नाही. पाळ्या 6 ते 2, 2 ते 10, 10 ते 6, याच क्रमाने पुढे सरकतात. सकाळची, दुपारची, मग रात्रीची. उलट्या क्रमात 10 ला सुटलेल्याला पुन्हा 6 ला हजर व्हावं लागू शकतं, आणि बुटीबोरीहून छत्रपती चौकापर्यंत बस धरून झोप ती किती उरणार?

जॉइन झाल्यावर चौथ्या महिन्यात बोर्ड पुन्हा शून्यावर आला. फोर्कलिफ्टचं चाक एका हेल्परच्या पायावरून गेलं, हाड मोडलं. सकाळच्या पाळीला सगळ्यांना उभं करून तो प्रसंग सांगितला, तो हेल्पर कंत्राटी होता हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर 1.